होम लोनच्या तीन ऑफर हातात आहेत, खरी स्वस्त कोणती ते कसं काढायचं

सोलापुरात घर बघायला लागलं की पहिला फोन बिल्डरच्या ऑफिसमधून येतो आणि दुसरा लोन एजंटचा. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो नाहीतर विजापूर रोड, प्रत्येक साइटवर कुणीतरी कार्ड घेऊन उभाच असतो आणि म्हणतो साहेब आपल्याकडं सगळ्यात कमी रेट. गंमत म्हणजे तिघं तीन वेगळे रेट सांगतात आणि तिघंही म्हणतात सगळ्यात कमी. मी या प्रोसेसमधून गेलोय, तीन ठिकाणचे कागद घेऊन शेजारी शेजारी ठेवून हिशोब केलाय, तो कसा करायचा ते खाली स्टेप बाय स्टेप लिहितो. बँकांची नावं मुद्दाम देत नाही, रेट महिन्या-महिन्याला बदलतात, पद्धत तीच राहते.

उदाहरणासाठी लोन ३० लाख, मुदत २० वर्ष म्हणजे २४० हप्ते, तयार फ्लॅट, फ्लोटिंग म्हणजे बदलता रेट. आकडे सोपे करायला थोडे गोल केलेत.

१. आधी हे कागद जमवा

तुलना करायला तुमचे कागद आणि त्यांचे कागद दोन्ही लागतात. तुमच्याकडून पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर, फ्लॅटच्या अॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आणि महापालिकेची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र वगैरे. ज्यांचे कारखाने आहेत, चादर-टॉवेलचे लूम आहेत, त्यांच्या आयटीआरमध्ये उत्पन्न कमी दिसतं आणि मग सरकारी बँक कमी रक्कम मंजूर करते, अशांना हाउसिंग फायनान्स कंपनीकडंच जावं लागतं हे पण खरं आहे, पण तिकडं गेलं तरी खालचा हिशोब लागूच.

त्यांच्याकडून मागायचं ते महत्त्वाचं:
- की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे केएफएस
- सँक्शन लेटर
- हप्त्यांचा पूर्ण तक्ता, पहिल्यापासून २४० व्या हप्त्यापर्यंत

केएफएस हा कागद १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं सगळ्या नवीन रिटेल कर्जांना सक्तीचा केलाय. त्यात रेट, सगळे चार्जेस आणि एपीआर म्हणजे चार्जेस धरून पडणारा वार्षिक खर्च एका जागी लिहिलेला असतो. त्यात जो चार्ज लिहिलेला नाही तो नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला रेट हा रेट धरूच नका, केएफएस द्या म्हणायचं. "ते फाइल लॉगिन झाल्यावर मिळेल" असं उत्तर आलं तर लॉगिन फी किती आणि लोन घेतलं नाही तर परत मिळते का हे आधी विचारा, आणि ते लेखी घ्या.

एक सापळा इथंच आहे. एजंटला कागद दिले की तो एकाच वेळी सात-आठ ठिकाणी फाइल टाकतो. प्रत्येक ठिकाणाहून सिबिलला चौकशी जाते, आणि थोड्या दिवसांत इतक्या चौकश्या दिसल्या की स्कोअर खाली येतो, आणि स्कोअर खाली आला की रेट वर जातो. कुठं कुठं टाकायची ते तुम्ही सांगा, तीन पुरे.

२. तिघांना एकच प्रश्न विचारा

ही गोष्ट साधी आहे पण लोक इथंच फसतात. एक जण २० वर्षांचा हप्ता सांगतो, दुसरा २५ वर्षांचा, आणि आपण म्हणतो अरे याचा हप्ता कमी आहे. त्यामुळं रक्कम ३० लाख, मुदत २४० महिने, फ्लोटिंग, सह-अर्जदार तोच, असं सगळं सारखं ठेवून मागायचं. बायकोचं नाव सह-अर्जदार म्हणून असलं की काही बँका रेटमध्ये थोडी सूट देतात, ती धरायची असेल तर तिघांकडं धरा.

माझ्यासमोर ज्या ऑफर होत्या त्या साधारण अशा:
- सरकारी बँक: ८.०० टक्के, प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के, लीगल आणि व्हॅल्युएशन वेगळं
- खासगी बँक: ७.९० टक्के, फी ०.५० टक्के, पण सोबत ९० हजारांचा एकरकमी इन्शुरन्स, तो लोनमध्येच मिळवलेला
- हाउसिंग फायनान्स कंपनी: ७.७५ टक्के, फी सपाट ५ हजार, "फक्त या महिन्यासाठी"

रेट बघितला तर तिसरी पहिली, पहिली शेवटची. आता पुढं बघा काय होतं.

३. फी रुपयात लिहा, जीएसटी धरून

टक्क्यात फी छोटी वाटते. सरकारी बँकेची ०.३५ टक्के म्हणजे १०,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८९०, झाले १२,३९०. लीगल रिपोर्ट आणि व्हॅल्युएशनचे ८ हजार वेगळे, एकूण २०,३९०. खासगीची ०.५० टक्के म्हणजे जीएसटीसकट १७,७००, त्यात बाकी सगळं आलं. कंपनीची जीएसटीसकट ५,९००.

गहाणखताची स्टॅम्प ड्युटी आणि गहाणाची नोंद करायच्या नोटीस ऑफ इंटिमेशनचा खर्च पण येतो, पण तो सरकारी खर्च आहे, तिन्हीकडं सारखाच, म्हणून तुलनेत धरला नाही तरी चालतं. तो पैसा बाजूला मात्र ठेवा.

आता फीला किती महत्त्व द्यायचं? यासाठी एक आकडा डोक्यात ठेवा. ३० लाखांवर २० वर्षांसाठी रेटमधला ०.१० टक्का म्हणजे हप्त्यात साधारण १८६ रुपये, आणि पूर्ण मुदतीत ४४-४५ हजार. म्हणजे "फी माफ" म्हणून २० हजार वाचवले आणि रेट ०.१० ने जास्त घेतला तर पूर्ण मुदतीत तोट्यात. पण उलटंही बघा. तुम्ही पाच वर्षांत फ्लॅट विकणार असाल किंवा गावाकडची जमीन विकून लोन फेडणार असाल तर ०.१० टक्क्याचा फायदा तेवढ्या काळात फक्त १५ हजारांच्या आसपास होतो, तेव्हा फी जास्त जड पडते. मुदत कागदावर २० वर्ष असली तरी तुम्ही खरंच किती वर्ष ठेवणार हे आधी ठरवा, मग फीकडं बघा.

४. इन्शुरन्स काढून आणि घालून, दोन्ही हिशोब करा

खासगी बँकेचा माणूस म्हणाला सर इन्शुरन्सचे पैसे तुम्हाला खिशातून द्यायचे नाहीत, लोनमध्येच अॅड होतात. तिथंच तर गोम आहे. ९० हजार लोनमध्ये गेले की लोन ३० लाख ९० हजार होतं, आणि त्या ९० हजारांवर २० वर्ष व्याज चालतं. हप्ता २४,९०७ चा २५,६५४ होतो, म्हणजे महिन्याला ७४७ जास्त, २४० महिन्यांचे १ लाख ७९ हजार. प्रीमियमच्या जवळजवळ दुप्पट.

खरा रेट किती पडला ते एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये दोन ओळीत निघतं. पहिली ओळ हप्ता काढते, दुसरीत हप्त्याची रक्कम आणि तुमच्या घरासाठी प्रत्यक्षात हातात पडलेली रक्कम टाकायची, म्हणजे ३० लाखांतून फी वजा करून जे राहतं ते:

```
=PMT(7.9%/12,240,-3090000)
=RATE(240,-25654,2982300)*12
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर टक्क्यात दाखवायला सेलचा फॉरमॅट बदला. उत्तर येतं ८.३८ टक्के. म्हणजे ७.९० चा बोर्ड लावलेलं लोन आपल्याला ८.३८ ला पडतंय. सरकारी बँकेचं याच पद्धतीनं ८.०९ येतं आणि कंपनीचं ७.७८. केएफएसमधला एपीआर याच्या आसपासच आला पाहिजे, कारण बँक जो इन्शुरन्स आणि लीगलचा खर्च तुमच्याकडून वसूल करते तो एपीआरमध्ये धरायचा असा नियम आहे. फरक मोठा दिसला तर विचारा काय धरलं नाही.

मी विचारलं, इन्शुरन्स नको असेल तर? तर रेट ८.१५ सांगितला. म्हणजे ७.९० हा लोनचा रेट नव्हताच, पॉलिसीच्या कमिशनवर दिलेली सूट होती. घेणाऱ्याच्या माघारी घरच्यांवर लोन येऊ नये म्हणून विमा हवाच, मी त्याच्या विरोधात नाही, पण साधा टर्म प्लॅन वेगळा घेतला तर कव्हर तुमच्या हातात राहतं, लोन दुसरीकडं नेलं तरी चालू राहतं. बँकेनं सक्ती केली तर सक्ती आहे असं लेखी मागा, बहुतेक वेळा सूर लगेच बदलतो. आणि घाईत पॉलिसी निघालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक असतो, तेवढ्यात परत करता येते.

आत्तापर्यंतचा एकूण खर्च, म्हणजे सगळे हप्ते अधिक फी, रेट बदललाच नाही असं धरून:
- सरकारी बँक: ६०.४३ लाख
- खासगी बँक, इन्शुरन्ससह: ६१.७५ लाख
- खासगी बँक, इन्शुरन्सशिवाय ८.१५ ला: ६१.०७ लाख
- हाउसिंग फायनान्स: ५९.१७ लाख

इथं थांबलं तर हाउसिंग फायनान्सची ऑफर सरकारी बँकेपेक्षा सव्वा लाखाने स्वस्त दिसते. बरेच जण इथंच थांबतात.

५. रेट कशाला बांधलाय ते विचारा

"फ्लोटिंग" हा शब्द तिन्ही कागदांवर असतो पण तिन्हीचा अर्थ एक नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या एखाद्या मापाला बांधावं लागतं, बहुतेक बँकांनी रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या रेटनं पैसे उसने देते तो, घेतलाय. रेपो बदलला की जास्तीत जास्त तीन महिन्यांत तुमचा रेट बदललाच पाहिजे, वर पण आणि खाली पण. तुमचा रेट म्हणजे रेपो अधिक स्प्रेड, म्हणजे त्यावर बँकेनं लावलेला जादा टक्का. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम नाही, त्या त्यांच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटला बांधतात, तो कधी बदलायचा हे त्यांचं त्या ठरवतात. आपल्याकडं नागरी सहकारी बँकाही बऱ्याच आहेत, तिथं जाणार असाल तर हाच प्रश्न विचारा, रेट कशाला बांधलाय आणि तो कोण बदलतो.

याचा फरक किती पडतो ते बघा. समजा वर्षभरानं रेपो अर्ध्या टक्क्यानं उतरला. सरकारी बँकेचं लोन ८.०० वरून ७.५० वर येतं, हप्ता २५,०९३ वरून २४,२०० होतो, एकूण खर्च फी धरून ५८.३९ लाख. कंपनीनं जुन्या ग्राहकांना तो फायदा दिलाच नाही तर ती ७.७५ वरच, ५९.१७ लाख. म्हणजे सुरुवातीला पाव टक्का महाग असलेली बँक ७८ हजारांनी स्वस्त पडली. उलट रेपो अर्धा टक्का चढला आणि दोघांनीही चढवला तर कंपनी अजून सव्वा लाखानं स्वस्तच राहते. त्यामुळं कंपनी वाईट असं नाही, प्रश्न एवढाच की उतरताना ती उतरते का.

आणि हे तपासायला भविष्य बघायची गरज नाही. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो ६.५० वरून ५.५० वर आला, पूर्ण एक टक्का. कंपनीच्या माणसाला सरळ विचारा, त्या काळात तुमच्या जुन्या ग्राहकांचा रेट किती उतरला, प्राइम लेंडिंग रेटची जुनी यादी दाखवा. ओळखीत कुणाचं तिथं जुनं लोन असेल तर त्याचं स्टेटमेंट बघा, यापेक्षा चांगला पुरावा नाही. मला मिळालेलं उत्तर असं होतं की जुन्या ग्राहकांना कन्व्हर्जन फी भरून नवीन रेट मिळतो. म्हणजे रेट उतरला तरी तो आपण मागायचा आणि त्याचे पैसे पण आपणच द्यायचे. ती फी किती, वर्षातून किती वेळा भरता येते, हे केएफएसमध्ये लिहून घ्या आणि तुलनेत धरा.

बँकेला विचारायचा प्रश्न वेगळा, स्प्रेड किती आणि तो कधी वाढू शकतो. स्प्रेडमधला तुमच्या पतपात्रतेशी जोडलेला भाग तुमची पत बरीच बदलली तरच वाढवता येतो, बाकी भाग वाढवायचा तर तीन वर्षांच्या आत नाही. म्हणून हप्ते वेळेवर भरा, बाउन्स होऊ देऊ नका. नवीन ग्राहकांना कमी स्प्रेड चालू झाला तर तुमचा आपोआप कमी होत नाही हे पण लक्षात असू द्या.

६. रेट वाढला की हप्ता वाढणार की मुदत, हे आधीच ठरवा

हा भाग कुणी सांगत नाही आणि यातच सगळ्यात जास्त पैसा जातो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४.०० वरून ६.५० वर गेला तेव्हा खूप जणांचा हप्ता तोच राहिला, त्यांना वाटलं काही झालंच नाही, आणि स्टेटमेंट काढलं तर लोन रिटायरमेंटच्या पुढं गेलेलं.

आपल्या उदाहरणात वर्षभरानं ८.०० चे ८.५० झाले असं धरा. हप्ता २५,०९३ च ठेवला तर राहिलेले २२८ हप्ते २५० होतात. मुदत तीच ठेवली तर हप्ता २६,००२ होतो, ९०९ रुपये जास्त. हप्ता न वाढवल्यामुळं पुढं द्यायची एकूण रक्कम साधारण साडेतीन लाखांनी जास्त होते. हो, साडेतीन लाख, मी दोनदा मोजलं.

ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणं रेट बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय तुम्हाला द्यावा लागतो. सही करताना शाखेत विचारा, मी काहीच सांगितलं नाही तर तुमच्याकडं आपोआप काय वाढतं. उत्तर "मुदत वाढते" असंच येईल, मग रेट वाढल्यावर हप्ता वाढवा असा अर्ज कुठं द्यायचा ते तिथंच विचारून घ्या.

७. बाहेर पडायचा खर्च

फ्लोटिंग होम लोन माणसाच्या नावावर असेल, धंद्यासाठी नसेल, तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. म्हणून दिवाळी बोनसमधून थोडं थोडं भरणं सगळ्यात सोपा फायदा. पण लोन दुसऱ्या बँकेत न्यायचं तर तिथं परत प्रोसेसिंग फी, परत लीगल, परत गहाणखताचा स्टॅम्प. तेव्हा "नंतर बदलू की" म्हणून महाग लोन घेऊ नका. आणि "पहिली दोन वर्ष फिक्स" असं काही असेल तर त्या काळात फेडायला दंड आहे का ते वेगळं विचारा, तिथं वरचा नियम सरसकट धरू नका.

८. मग घासाघीस

तिन्ही केएफएस हातात आले की शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा, एजंटला नाही. रेट मॅनेजरच्या हातात फारसा नसतो, सिबिलवर वरूनच ठरतो, पण प्रोसेसिंग फी बऱ्याचदा असते. मी सरकारी बँकेत कंपनीचा कागद पुढं ठेवला आणि म्हणालो रेट जाऊ दे, फीचं बघा. फी निम्मी झाली, लीगलचे पैसे मात्र भरावे लागले. केएफएस दिल्यावर त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात, त्यामुळं "आज सही नाही केली तर ऑफर गेली" याला घाबरायचं कारण नाही.

मी सरकारी बँकच घेतली. माझा पगार ठरलेला, रेपो उतरला तर मला तो आपोआप पाहिजे होता, दरवेळी अर्ज घेऊन पार्क चौकापर्यंत जायची तयारी नव्हती. ज्याला तीन-चार वर्षांतच लोन संपवायचंय त्याच्यासाठी कंपनीची ५,९०० फी आणि ७.७५ कदाचित बरी, त्यानं आपले आकडे टाकून बघावेत.

सही झाल्यावर एकच काम राहतं. सँक्शन लेटरवर रीसेटची म्हणजे रेट बदलायची तारीख असते, ती मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि रेपो बदलल्याची बातमी आली की त्या तारखेनंतर स्टेटमेंट काढून रेट आणि उरलेले हप्ते दोन्ही बघा. बदललं नसेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बँकेच्या लोनसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन फुकट तक्रार करता येते, तिथं हीच पोच लागते.